बेचक्यातला अंगठा

साई : उलटी पकड

साई हातात धरायची ती अशी. मधला लांब दांडा हाताच्या खालून, मनगटापासून कोपराकडे, चिकटून. मूठ पुढे, समोरच्या माणसाकडे. पहिलं बोट मुठीवर सरळ. दांड्याच्या दोन अंगांना दोन शिंगं असतात. एका शिंगाच्या बेचक्यात अंगठा, आणि उरलेली तीन बोटं दुसऱ्या शिंगावरून दांड्याला धरून. आता बोटं उघडायची. अंगठा नाही उघडायचा. अंगठा तिथेच, बेचक्यात, दाराच्या बिजागरीसारखा. त्याच्याभोवती दांडा बाहेर फिरतो, मूठ तळहातात येऊन बसते, बोटं मिटतात. साई सुलटी झाली. अर्ध्या श्वासाचं

काम आहे, असं पूर्णिमा म्हणणार होती. म्हणता म्हणता साई तिच्या उजव्या हातातून निसटली आणि शाळेच्या हॉलच्या फरशीवर पडली. लोखंड ते. हॉलभर वाजलं.

ओळीत उभ्या असलेल्यांपैकी कोणी हसलं नाही. कस्तुरीने वाकून साई उचलली आणि दोन्ही हातांनी मॅडमपुढे धरली. नऊ वर्षांची असल्यापासून कस्तुरी या हॉलमध्ये येत होती. आता इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होती.

"आज हिची माझ्याशी कट्टी दिसते," पूर्णिमा म्हणाली.

"घाम आला असेल मॅडम. माझीपण फिसलते ना."

"घाम नाही. पकड चुकली." आणि ओळीकडे वळून, मोठ्यानं: "हत्यार पडलं तर दोष कोणाचा?"

"पकडीचा!" सगळे ओरडले.

हे वाक्य तिच्या गुरूंचं. महूला लष्करातून निवृत्त झालेले एक सुभेदार मेजर होते, त्यांनी तिला आधी कराटे शिकवलं आणि मग, पुष्कळ मिन्नतवारी करून घेतल्यावर, कोबुदो. म्हणजे जपानकडच्या ओकिनावा बेटांवरची जुनी हत्यारं. पोरगी हत्यार पाडते म्हटल्यावर गुरुजी हवापाणी, घाम, ताप काही ऐकून घेत नसत. पकड बघ, म्हणत. सारं तिथेच असतं.

पूर्णिमाने पकड बघितली. पकड बरोबर होती.


उपाय

तेव्हा तिनं काय केलं? गुरुजींची कोणीही शिष्या करील तेच. जास्त सराव.

मुठीवरची जुनी दोरी सोडून खरबरीत सुतळी गुंडाळली. सकाळी नवऱ्याचा, नीरजचा, चहा व्हायच्या आत गच्चीवर जायची आणि साई उलटी-सुलटी, उलटी-सुलटी करत राहायची. अंगठ्याचा बुंधा दुखायला लागला की तिला बरं वाटायचं. दुखतंय म्हणजे स्नायू कामाला लागलाय. थकला की आपोआप बळ धरेल. शेतात नांगर जितका खोल, पीक तितकं चांगलं, तसला हिशेब.

साई पडतच राहिली. दर वेळी नाही. मधूनच.

मग तिच्या मनानं एक पळवाट काढली, आणि तिला ती पळवाट आहे हे कळलंही नाही. अंगठ्यानं धरण्याऐवजी मनगटाला एक झटका द्यायचा. झटक्यानं दांडा बाहेर जातो, पहिल्या दोन बोटांच्या चिमटीत शिंग सापडतं, अंगठा आपला बाजूला, पाहुण्यासारखा. दिसायला फिरकी तीच. किंबहुना जरा अधिकच झोकदार. त्या वर्षी साई शिकायला पहिल्यांदाच एक तुकडी तयार झाली होती. नुंचाकू आणि टोन्फा ही आधीची दोन हत्यारं झाल्याशिवाय ती साईला हात लावू देत नसे, त्यामुळे ही मुलं मोठी, समजदार होती. त्यांना ती झोकदार फिरकी फार आवडली.

मार्चमध्ये पुण्याहून परीक्षक यायचे होते. इंदुरात साईची परीक्षा याआधी झालीच नव्हती. पूर्णिमाच्या आयुष्याची ही एक गोष्ट होती. मूल झालं नाही, नोकरी मनासारखी झाली नाही, शिक्षिका म्हणून जिथं तिथं कंत्राटावर. पण गुरुजींनी दिलेलं तिन्हींतलं तिसरं हत्यार ती पुढं देणार होती. ते दिलं की झालं.


गोष्ट (दर वर्षी सांगायची)

"ऐका. ही हत्यारं नव्हतीच."

नवी तुकडी मांडी घालून बसली की ती ही गोष्ट सांगे. तिन्ही वस्तू समोर चटईवर.

"हा टोन्फा. तुमच्या पणजीकडे जातं असेल बघा. जात्याला बाजूनं खुंटा असतो, तो धरून फिरवायचं. जात्याचा खुंटा उपसला आणि आडवा धरला, तर हाच. हा नुंचाकू. कोणी म्हणतं धान्य झोडपायचं लाकूड, कोणी म्हणतं घोड्याच्या तोंडात लगामाचं लाकूड घालायचे, ते. दोन दांडे, मधे दोरी. आणि ही साई. हिनं जमिनीत चर ओढायचे, बी टाकायला."

"चूक," मागून नीरज म्हणे. तो कॉलेजात इतिहास शिकवत असे आणि तिला घ्यायला जरा लवकर येऊन दाराशी उभा राहत असे. "साई शेतकऱ्याची कधीच नव्हती. ओकिनावाच्या राज्याचे शिपाई कमरेला खोचून हिंडायचे. गर्दी हटवायला, माणसं पकडायला. धार नसते ती त्यासाठीच. बाकी दोन्हींचं तू म्हणतेस तसं असेलही, नसेलही. कागद कुठाय?"

"भिया, तुमच्या प्रत्येक गोष्टीला कागद लागतो," पूर्णिमा मुद्दाम इंदुरी झोकात म्हणायची. पोरं खिदळायची.

पण गोष्टीचा शेवट तिचाच असे, आणि त्याला नीरजही कधी हरकत घेत नसे. ती म्हणे, "जी बाई रोज जातं फिरवते तिला खुंटा कसा धरायचा हे कोणी शिकवत नाही. हाताला माहीत असतं. तुम्ही कोणी जातं फिरवलंय? झोडपणी केलीय? नाही. मग तुमच्या हाताला काय माहीत? काही नाही. म्हणून तुम्ही माझ्या हाताकडे बघायचं. मी सांगते तिकडे नाही. हाताकडे."


पोलोग्राउंड

उदयसिंहच्या वर्कशॉपमध्ये ग्रिलं, गेटं, गाडीचे सुटे भाग बनत. बाहेरून मागवलेल्या साया म्हणजे शोभेच्या, पत्र्यासारख्या. म्हणून ती वर्षानुवर्षं त्याच्याकडून बनवून घ्यायची.

"वजन कमी करायचंय," ती म्हणाली. "उजवीचं. टोकाकडून कापा."

"कित्ता मैडम?"

तिनं नखानं खूण केली. उदयसिंहनं साई तिच्या हाताशी लावून बघितली आणि मान हलवली. "इत्ता काटा तो ये कोहनी तक नहीं आएगी। आपही तो बोलती थीं, कोहनी से उंगलभर बाहर।"

"बोलत होते. आता कापा."

"काट दूँगा। फिर ये साई नहीं रहेगी, पोहे खाने का काँटा हो जाएगा।" आणि स्वतःच्याच विनोदावर हसत त्यानं ग्राइंडर चालू केला.

ती चूक होती, आणि ती ते जाणून होती. उलट्या पकडीत दांड्याचं टोक कोपराच्या किंचित पुढं निघायला हवं. तेवढ्याचसाठी ती लांबी असते. दांडा ही त्या हाताची ढाल. ढालीबाहेर कोपर राहिलं तर


कोपर

राहिलं. बाहेर राहिलं. कस्तुरीनं लांब काठीचा आडवा वार काढला, पूर्णिमानं उलटी साई आडवी घेतली, काठी दांड्यावर घसरत टोकाशी आली आणि टोक संपलं. वार थेट कोपराच्या हाडावर.

कोपरापासून करंगळीच्या टोकापर्यंत वीज गेली. ती खालीच बसली.

"मॅडम! सॉरी सॉरी सॉरी, मी जोरात नाही मारलं, कसम से—"

"तू बरोबर मारलंस," पूर्णिमा दातावर दात दाबून म्हणाली. "साई आखूड आहे."

आता कोणाला खरं वाटणार नाही, पण त्या आठवड्यात ती आनंदात होती. हाडांच्या डॉक्टरनं हात बघितला. अंगठा आणि पहिलं बोट यांच्या मधला मांसल उंचवटा खोलगट झाला होता. त्यावर बोट ठेवून तो म्हणाला, कोपरात नस दबली की असं होतं, मार लागलाय ना तिथं? पट्टा बांधा, कोपर वाकवून झोपू नका, महिन्यांचं काम आहे. कारण मिळालं! पकड चुकत नव्हती, वय होत नव्हतं. नस होती. नस सुटते.

फक्त एक गोष्ट तिनं डॉक्टरला उलटी सांगितली. मार लागला आणि मग साई पडायला लागली, असं. खोटं बोलायचं म्हणून नाही. तिला ते तसंच आठवू लागलं होतं.


टोन्फा

टोन्फा धरतात खुंट्याला. दांडा हाताच्या खालून, एक तोकडं टोक मुठीपुढे, लांब टोक कोपरापलीकडे. अंगठा आणि पहिलं बोट मिळून खुंट्याभोवती कडं करायचं. बाकीची बोटं सैल सोडली की त्या कड्यात दांडा गरकन फिरून पुढं जातो; करंगळीकडची बोटं आवळली की थांबतो. सैल, आवळ. कडं मात्र सुटता कामा नये. जात्याचा खुंटा तरी दुसरं काय करतो? भोकात सैल बसतो, पण बसतो.

दिवाळीनंतर कड्यात खुंटा डुगडुगायला लागला. दांडा फिरे, पण वाकडा. गुडघ्यावर आपटला. दोनदा तिनं तो मुद्दाम केल्यासारखा आपटून दाखवला, "आणि असा मारला तर इथं लागतो," म्हणत. मुलांनी माना डोलावल्या.

घरी किल्ली फिरेना. चिमटीत धरलेली किल्ली घसरायची. नीरज म्हणाला, "तेल घालतो कुलपात," आणि घातलंही.


नुंचाकू

नुंचाकू मात्र फिरत होता.

कसा फिरत होता म्हणून सांगावं! दांड्याच्या खालच्या टोकाशी पकड, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट घट्ट, अंगठा नुसता टेकलेला. हात सोडला की दुसरा दांडा डोक्यावरून सूं करत येई, काखेखाली अडकून थांबे, परत सुटे. तळहाताच्या रुंदीएवढी दोरी, तिच्यात जराही गोंधळ नाही. संध्याकाळी सगळे गेल्यावर ती एकटीच हॉलमध्ये फिरवत उभी राहायची. काहीतरी शाबूत होतं. ज्या हाताला वाईट दिवस आले होते त्याच हातात. ती स्वतःला म्हणायची, बघ, हात गेलेला नाही. हा घे पुरावा.

एका संध्याकाळी नीरज दारातून बघत होता. "इतकं चांगलं फिरवतेस," तो म्हणाला, "तरी एकदा नसांच्या डॉक्टरला दाखवू. हात दाखवून अवलक्षण होईल म्हणून किती दिवस थांबायचं?"

"कोपराची नस आहे. सुटतेय ती."

"सुटली असती तर कुलूप मी का उघडतोय, पूर्णिमा?"


तुकोगंज

डॉ. आशिष किबे तिच्यापेक्षा लहान असावेत. क्लिनिकमध्ये भिंतीवर मज्जारज्जूचं चित्र होतं, आणि बाहेरच्या खोलीत कोणाचं तरी मूल जोरात गाडी गाडी खेळत होतं. ती तशीच क्लासला जाणार होती, म्हणून हत्यारांची पिशवी बरोबर होती. डॉक्टरांनी पिशवीकडे बघून विचारलं, "यात काय?"

"सांगण्यापेक्षा दाखवते," ती म्हणाली.

टेबलावर तिनं तिन्ही मांडली. साई धरून दाखवली: बेचक्यातून अंगठा घसरला. टोन्फा: कडं सुटलं. मग उठून, दोन पावलं मागं होऊन नुंचाकू. छोट्याशा खोलीत, जपून, एकच फेर.

"हे होतं," ती म्हणाली. आवाजात अभिमान होता. लपत नव्हता. "यात करंगळीच सगळं करते."

डॉक्टर हसले नाहीत.

"अंगठा वर करा. छताकडे. मी दाबतो, तुम्ही दाबू देऊ नका."

अंगठा दबला.

"पहिलं बोट बाजूला, अंगठ्याकडे."

बोट दबलं.

"करंगळी बाहेर."

करंगळी जागची हलली नाही. डॉक्टरांनी जोर केला. हलली नाही.

"मुंग्या? बधिरपणा? इथे? इथे?"

"नाही. सगळं लागतं."

"कोपराला मार लागला तेव्हा झिणझिण्या कुठवर गेल्या?"

"करंगळीपर्यंत," ती म्हणाली. आणि

तिथं तिचं बोलणं थांबलं.

कारण हात तिला माहीत होता. कोणतं बोट कशाला लागतं हे तिच्याइतकं त्या खोलीत कोणी जगलं नव्हतं. कोपराची नस करंगळीला जाते. वीज करंगळीला गेली होती. मग ती नस दुखावली असेल तर आधी करंगळी जायला हवी. नुंचाकू आधी पडायला हवा. साई नंतर.

नुंचाकू फिरत होता.

"पहिल्यांदा काय सुटलं हातातून?" डॉक्टर विचारत होते. "मार लागण्याच्या आधी की नंतर?"

ती पिशवीचा बंद ओढत राहिली.

"आधी," शेवटी म्हणाली. "साई आधीच पडत होती. हलकी करायला म्हणून कापून घेतली. आखूड झाली म्हणून मार लागला."

शेजारच्या खुर्चीत नीरजनं तिच्याकडे बघितलं. हे त्याला ठाऊक नव्हतं.

डॉक्टर सावकाश बोलायला लागले. कागदावर हात काढला. अंगठ्याचा हा स्नायू एका नसेवर, पहिल्या बोटाचा हा दुसऱ्या नसेवर. दोघेही बारीक झालेत. पण पहिल्या बोटाचा आणि करंगळीचा स्नायू एकाच नसेवर असतात, आणि करंगळी उत्तम आहे. "एखादी नस कुठं दबली तर ती स्नायू असे निवडून घेत नाही," ते म्हणाले. "म्हणून आपण मागे, वर बघायचं. मणक्यात. मेंदूत. जीभ बाहेर काढा. तशीच ठेवा."

तिनं जीभ काढली. त्यांनी गुडघ्यावर हातोडी मारली. पाय एकदम उडाला. दंडावर कातडीखाली काहीतरी सरसरलं, पाण्यावर वारा यावा तसं. तिला ते महिनाभर दिसत होतं आणि तिनं ते सरावाचं मानलं होतं.

"सुईची तपासणी करू. मानेचा एमआरआय करू. तोवर मी नाव घेत नाही."

नंतर, तपासण्या झाल्यावर, त्यांनी नाव घेतलं. मोटर न्यूरॉनचा आजार, म्हणजे स्नायू हलवणाऱ्या पेशी एकेक करून मरत जातात. एक औषध आहे, वेग थोडा कमी करतं.

"किती थोडा?" नीरजनं विचारलं.

"थोडा," डॉक्टर म्हणाले.


गाडीत

"मुंबईला दाखवू."

"दाखवू."

"दिल्लीला पण. तो किबे अजून पोरगा आहे."

"बरं."

पलासियाला सिग्नल लागला. पुढच्या स्कूटरवरच्या माणसाच्या मागे एक आजी बसल्या होत्या, मांडीवर भाजीची पिशवी दोन्ही हातांनी धरून. दोन्ही अंगठे वरच्या बाजूनं बंदात अडकवलेले. पूर्णिमा त्या अंगठ्यांकडे बघत राहिली. काय सहज अडकले होते.

"मी वर्षभर पकड सुधारत होते, नीरज," ती म्हणाली. "पकडीत काही चूक नव्हती."

 नीरज रडायला लागला होता. हिरवा झाला तरी गाडी हलली नाही, मागून सगळ्यांनी हॉर्न वाजवले, आणि कोणीतरी खिडकीशी येऊन म्हणालं, "ओ भिया, सो गए क्या?"


मुलांना काय सांगायचं (तिनं मनात ठरवलेलं, खोडलेलं)

नीट सांगायचं. मला बरं नाही.

मला बरं नाही आणि होणार नाही.

परीक्षेनंतर सांगायचं. परीक्षेआधी सांगितलं तर त्यांचं लक्ष जाईल.

कस्तुरीला एकटीला सांगायचं.

कस्तुरीला नको, तिला तो वार आठवेल. तिला वाटेल आपण मारलं.

काही सांगायचं नाही. साई तेवढी त्यांच्या हातात नीट गेली की मग बघू.

मग बघू म्हणजे काय


साई : सगळ्यांची पकड

फेब्रुवारीतली संध्याकाळ. ती पहिल्यांदाच समोर उभी राहिली नाही. "आज कस्तुरी पुढं होईल," म्हणाली आणि ओळीच्या बाजूला, खिडकीशी जाऊन उभी राहिली, हात पट्ट्यात खोचून. समोर उभं राहिलं की करून दाखवावं लागतं.

समोर उभं राहणाऱ्याला विद्यार्थ्यांचे चेहरे दिसतात. बाजूला उभं राहणाऱ्याला हात दिसतात.

कस्तुरीनं आवाज दिला. साया उलट्या झाल्या, दांडे हातांना चिकटले. पुन्हा आवाज. सगळ्या एकदम बाहेर फिरल्या. छान वाजल्या. झोकदार.

आणि पूर्णिमाला दिसलं.

कस्तुरीचा अंगठा बेचक्यात नव्हता. बाजूला पडला होता, पाहुण्यासारखा. मनगटाचा झटका, दोन बोटांची चिमूट, आणि अंगठा मेलेला. तिच्या मागच्याचा तसाच. त्याच्या पलीकडे पूर्वा होती, अकरावीतली, तिचा तसाच. तिनं तर तो जरासा आत दुमडून घेतला होता. पूर्णिमाचा हल्ली दुमडतो तसा. टोकापर्यंत ती बघत गेली. निरोगी हात, भरलेले तळवे, अंगठ्याच्या बुंध्याशी टरटरीत मांस. आणि प्रत्येक हातानं तिचा आजार घोटून घोटून पाठ केला होता.

असल्या पकडीवर काठीचा वार आला तर साई उघडते. दांडा मागे फिरतो, स्वतःच्याच तोंडावर. परीक्षक पहिलीच काठी घालतील.

"थांबा," ती म्हणाली.

सगळे थांबले.

"अंगठा. अंगठा बेचक्यात हवा. मी सांगितलं होतं."

"आहे ना मॅडम," कस्तुरी म्हणाली आणि ठेवून दाखवला. होताच. उलट्या पकडीत होता.

"फिरव."

फिरवली. अंगठा सुटला.

"सुटला बघ."

"हो, पण तो सुटतोच ना? फिरताना?"

"नाही सुटत. त्याच्याच भोवती फिरते ती. तो हलायचा नाही. बिजागरी आहे ती. पुन्हा."

पुन्हा. अंगठा सुटला. सगळ्यांचेच सुटले. वर्षभराची सवय. दोघांच्या साया हातातून गेल्या, कारण त्यांनी तो धरून ठेवायचा म्हणून धरला आणि बोटं उघडायलाच विसरले.

"मॅडम," पूर्वा भीत भीत म्हणाली, "पण तुमचा तर हलतो."

कस्तुरीनं तिच्याकडे डोळे वटारले. "ए, चुप ना यार."

"नाही, म्हणजे, मी बघितलंय. मॅडमच म्हणतात ना, हाताकडे बघा. मी बरोबर तसंच करते. घरी व्हिडिओ लावून पण करते. स्लो करून."

पूर्णिमानं पट्ट्यातून डावा हात काढला. डावा चांगला होता. डाव्यानं दाखवता येईल. तिनं कस्तुरीची साई घेतली, डाव्या हातात उलटी धरली, अंगठा बेचक्यात बसवला. "हे बघा," म्हणाली. साई फिरली. अंगठा जागेवर राहिला. सगळ्यांनी श्वास सोडला. कस्तुरी म्हणाली, "अरे हां!" आणि पुढं सरकली. "परत एकदा, मॅडम. सावकाश."

सावकाश फिरवताना अंगठ्याला वजन जास्त वेळ पेलावं लागतं. दांडा अर्ध्यावर आला. बेचक्यात अंगठा थरथरला, आणि हळूच, काही घाई नसल्यासारखा, घसरून बाजूला गेला.

हे तिला माहीत नव्हतं. डाव्याचं कोणी सांगितलं नव्हतं.

तिनं साई फरशीवर ठेवली. वाकून, नीट ठेवली. दोन्ही हात पाठीमागं नेले.

"माझ्या हाताकडे बघू नका," ती म्हणाली. "मी सांगते ते ऐका. अंगठ्याच्या पेऱ्यावर वजन घ्यायचं. तिथं वजन जाणवलं की बोटं उघडायची. जाणवतंय का?"

त्यांनी डोळे मिटले, उघडले. कोणाला काय जाणवावं? नुसत्या शब्दांनी अंगठ्यात वजन येत नाही. गुरुजींनीही तिला सांगितलं नव्हतं. तिचा हात हातात घेऊन, त्यांच्या अंगठ्यानं तिचा अंगठा बेचक्यात दाबून धरला होता, कितीतरी दिवस, ती रडकुंडीला येईपर्यंत. ती पुढं झाली. कस्तुरीचा हात हातात घेतला. अंगठ्यावर अंगठा ठेवून दाबला.

कस्तुरी वाट बघत होती.

"दाबा ना मॅडम," ती म्हणाली.

पूर्णिमा दाबत होती. सगळा जीव एकवटून दाबत होती.

कस्तुरीनं खाली बघितलं. त्या दोन अंगठ्यांकडे. मग तळहाताच्या खळग्याकडे, जिथं मांस असायला हवं होतं. मग वर, मॅडमच्या चेहऱ्याकडे.  ओळीतली बाकीची मुलं मान उंचावून बघत होती. हाताकडेच.

"मग कुठं बघायचं, मॅडम?" मागून कोणीतरी विचारलं. खरंच विचारलं, चेष्टेनं नाही.

पूर्णिमा पुन्हा खिडकीशी जाऊन उभी राहिली. बाहेर स्टँडवरच्या सायकली लोक काढत होते. मार्च जवळ होता.

"पुन्हा करा," ती म्हणाली.

कस्तुरीचा आवाज नीट निघाला नाही, म्हणून तिनं तो परत दिला. आणि सगळ्यांनी पुन्हा केलं. सगळ्यांनी एकदम, न चुकता, तिच्याकडून शिकलेलं.